एकच दिवस, तीन आकडे: कारखान्यातल्या आवाजाचे नियम मराठीत उतरवताना

वाळूजच्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमधला कामगार डोळ्यांसमोर आणा. आठ तासांच्या पाळीत तो एक तास लोखंडी टाकीवर ग्राइंडर चालवतो, तेव्हा त्याच्या कानाशी १०५ डीबीए, म्हणजे माणसाच्या कानाच्या हिशेबानं मोजलेले १०५ डेसिबल, आवाज असतो. उरलेले सात तास जुळणी, मोजमाप, रंगकाम. तिथं ८० डीबीए. आता या माणसाच्या कानावर दिवसभरात सरासरी किती आवाज पडला?

साधी सरासरी काढली तर ८३ येते. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांतला तक्ता वापरला तर ९०. आणि युरोपातून आलेल्या कंपनीच्या पद्धतीनं काढलं तर ९६. माणूस तोच, दिवस तोच. पहिला आकडा सरळ चूक आहे, पुढचे दोन्ही बरोबर आहेत. पण मराठी अहवालात तिन्हीसाठी ‘सरासरी आवाज’ असं लिहिलेलं असतं, आणि वाचणाऱ्या सुपरवायझरला वाटतं की मोजणाऱ्यालाच काही कळत नाही.

चिकलठाणा, वाळूज, शेंद्र्याच्या वसाहतींत, जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये किंवा परभणी-नांदेडकडच्या जिनिंगमध्ये सेफ्टीचे कागद मराठीत करायचं काम ज्यांच्याकडे नव्यानं आलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुम्ही सेफ्टी ऑफिसरच्या हाताखाली असाल किंवा बाहेरून भाषांतर करून देत असाल, भाषेच्या आधी तुम्हाला थोडं गणित करावं लागणार आहे. ते टाळलं की गोत्यात आणणारी वाक्यं अगदी शुद्ध मराठीत लिहून होतात.

पहिलं काम: हातातला कागद कोणत्या नियमाचा आहे ते ओळखा

आवाजावरचे कागद तीन वेगवेगळ्या घरांतून येतात आणि तिन्हींत ‘डेसिबल’ असतात, म्हणून घोळ होतो.

पहिलं घर कारखान्यांच्या नियमांचं. कारखाने अधिनियम १९४८ खालच्या केंद्राच्या मॉडेल नियमांत ‘मोठ्या आवाजाची कामं’ असं स्वतंत्र परिशिष्ट आहे. त्यात ९० डीबीए किंवा त्याहून जास्त असलेल्या आवाजाला ‘मोठा आवाज’ म्हटलंय आणि किती आवाजात दिवसाला जास्तीत जास्त किती वेळ, याचा तक्ता दिलाय. आठ तासांना ९०, चार तासांना ९५, दोन तासांना १००, एका तासाला १०५, अर्ध्या तासाला ११०, पाव तासाला ११५. ११५ च्या पुढे एक क्षणही नाही. म्हणजे दर ५ डेसिबलला वेळ निम्मा.

दुसरं घर परदेशी मूळ कंपनीचं. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात ८०, ८५ आणि ८७ असे तीन टप्पे आहेत आणि तिथं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्यातही एक मेख आहे. ८० आणि ८५ हे टप्पे मोजताना कानात प्लग आहे की नाही हे पाहायचं नसतं. ८७ ची मर्यादा मात्र प्लग घातल्यानंतर कानात जे पोचतं त्याला लावायची असते. मराठीत तिन्ही आकडे एका रांगेत ‘मर्यादा’ म्हणून मांडले की हा फरक गायब होतो.

तिसरं घर पर्यावरणाचं. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा ७५ आणि रात्री ७० डीबीए आहे. ही परिसरातल्या हवेतल्या आवाजाची मर्यादा आहे, यंत्रासमोर उभ्या माणसाची नव्हे. हे ७५ मी शॉपच्या आतल्या पाटीवर लिहिलेले पाहिले आहेत. कामगाराला कळतं की प्रेसजवळ ७५ कधीच नसतो, मग तो सगळ्या पाटीवरचाच विश्वास काढून घेतो.

म्हणून मराठी कागदाच्या माथ्यावर एक ओळ लिहाच: हे आकडे कोणत्या नियमाचे, आणि ३ डीबीचा हिशेब की ५ डीबीचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांमुळे कायद्यांची नावं आणि कलमं बदलली आहेत, तेव्हा मूळ कागदावरचं जुनं कलम मनानं बदलू नका. सेफ्टी ऑफिसरला विचारा आणि तो जे सांगेल ते तारखेसह टाका.

दुसरं काम: वाक्याला हात लावण्याआधी हिशेब करून पाहा

तक्त्यात नसलेल्या पातळीसाठी वेळ काढायचं सूत्र असं आहे. `L` म्हणजे डीबीएमधली पातळी, `T` म्हणजे त्या पातळीला चालणारे तास, `C` म्हणजे प्रत्यक्ष काढलेले तास, `D` म्हणजे टक्क्यांत डोस, दिवसाच्या कोट्यातला किती वापरला तो.

```
T = 8 / 2^((L - 90) / 5)
D = 100 × (C1/T1 + C2/T2 + ...)
```

आपल्या ग्राइंडरवाल्याचं पाहू. १०५ ला एक तास चालतो, त्यानं एक तासच काढला, म्हणजे १०० टक्के. ८० डीबीए या पद्धतीत मोजायचाच नसतो, कारण तो ९० च्या खाली आहे. एकूण डोस १०० टक्के, आणि १०० टक्क्यांशी जुळणारी आठ तासांची पातळी म्हणजे ९०. तो मर्यादेच्या अगदी काठावर आहे. त्याच्याकडून दहा मिनिटं जास्त ग्राइंडिंग करून घेतलं की तो मर्यादेबाहेर.

युरोपीय पद्धतीत दिवसभरातली सगळी ध्वनिऊर्जा एकत्र करून आठ तासांवर पसरतात. १०५ चा एक तास इतका जबर असतो की बाकीचे सात तास त्यात जवळपास दिसतही नाहीत, आणि उत्तर ९६ येतं. ८५ च्या टप्प्याशी तुलना केली तर हा माणूस काठावर नाही, कितीतरी बाहेर आहे. पुण्या-मुंबईच्या किंवा जर्मनीच्या ऑफिसातून ‘ताबडतोब उपाय करा’ असा मेल येतो आणि इकडे शॉपवाले म्हणतात, ‘आमचा तर बरोबर ९० आहे.’ दोघंही खरं बोलत असतात.

मराठीत मी हे दोन आकडे असे लिहितो: एक ‘आठ तासांची पातळी, ५ डीबी हिशेबानं’, दुसरा ‘आठ तासांची समतुल्य पातळी, ३ डीबी हिशेबानं’. ‘सरासरी’ हा शब्द मी या कागदांतून हद्दपारच केलाय. तो शब्द दिसला की हिशेबनीस माणूस बेरीज करून भागायला बसतो आणि त्याचं उत्तर ८३ येतं. मीटरच्या पडद्यावर `LAeq` किंवा `TWA` असं दिसतं, तेही मराठी नावाशेजारी जसंच्या तसं ठेवा, कारण माणूस मीटर हातात घेऊन तीच अक्षरं शोधणार आहे.

याच धड्यातलं अजून एक वाक्य नेहमी फसतं. ‘५ डीबी वाढले की आवाज दुप्पट होतो’ असं लिहिलं जातं. तक्ता म्हणतो ते एवढंच की ५ डीबी वाढले की परवानगीचा वेळ निम्मा होतो. ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते ती ३ डीबीला. त्यामुळेच ९० डीबीएची दोन यंत्रं शेजारी चालू केली तर १८० होत नाहीत, साधारण ९३ होतात. ‘दुप्पट’ लिहायचंच असेल तर काय दुप्पट, ते त्याच वाक्यात सांगा.

मोजणीच्या सूचना: मीटर यंत्राला की माणसाला?

मूळ कागदातल्या ‘एक्सपोजर’ या शब्दाशी सगळे झगडतात. परिभाषेत त्याला भारदस्त प्रतिशब्द मिळतील, पण मोजणाऱ्या पोराला त्यातून एवढंच कळायला हवं की यंत्राचा आवाज मोजायचा नाहीये, माणसाच्या कानावर पडणारा मोजायचाय. मी ‘कामगाराच्या कानावर पडणारा आवाज’ असंच लिहितो. लांब होतं, पण मग मीटर कुठं धरायचा हे वेगळं समजावावं लागत नाही.

मोजणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ९६१२ मध्ये, जागा नेमकी दिली आहे. कामगार तिथं असेल तर मायक्रोफोन त्याच्या कानाच्या भोकापासून १० ते ४० सेंटिमीटरवर, ज्या कानाला जास्त आवाज लागतो त्या बाजूला. दिवसभर अंगावर लावायचा डोसमीटर असेल तर त्याचा मायक्रोफोन खांद्यावर, कानापासून किमान १० सेंटिमीटर लांब आणि खांद्याच्या वर साधारण ४ सेंटिमीटर. भाषांतरात ‘कानाजवळ’ एवढंच लिहिलं तर कुणी कॉलरला लावतं, कुणी खिशाला. खिशात कापडाची घसट मोजली जाते. आकडे द्या.

यंत्राच्या कॅटलॉगात ‘१ मीटर अंतरावर ८८ डीबीए’ असं असतं. ते यंत्राच्या चाचणीचं अंतर आहे. दोन कागद जुळवताना हे १ मीटर मोजणीच्या सूचनेत घुसतं, आणि मग ऑपरेटर प्रेसला हातभर अंतरावर वाकून उभा असताना मीटर मागे गँगवेत धरला जातो.

मीटरच्या सेटिंगची ओळ भाषांतरित करू नका, फक्त समजावून सांगा. पडद्यावर `A` आणि `SLOW` असायला हवं. `A` म्हणजे मीटर माणसाच्या कानासारखं खालच्या पट्टीच्या घरघरीला कमी किंमत देतं, आणि म्हणूनच एककाला डीबीए म्हणतात. `SLOW` म्हणजे आकडा सावकाश हलतो, वाचता येतो. मराठी फॉर्मवर ‘मंद प्रतिसाद’ लिहिलं तर पडद्यावर तो शोधून सापडणार नाही.

मोजणीआधी आणि मोजणीनंतर कॅलिब्रेटर लावून पाहायचा असतो. तो ९४ किंवा ११४ डीबीचा स्थिर सूर देतो. आधीच्या आणि नंतरच्या वाचनात अर्ध्या डीबीहून जास्त फरक निघाला तर मधली मोजणी टाकून द्यायची. मराठी फॉर्मवर या दोन वाचनांसाठी दोन वेगळे रकाने ठेवा. एकच रकाना ठेवला की लोक सकाळचं वाचन लिहून मोकळे होतात. मायक्रोफोनवरची स्पंजची टोपीही फॉर्ममध्ये येऊ द्या. कूलरचा किंवा मोठ्या पंख्याचा झोत थेट मायक्रोफोनवर आला तर तो वारा आवाज म्हणून मोजला जातो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पंख्याशिवाय शॉप नसतो.

ठोक्याचा आवाज, म्हणजे प्रेस, हॅमर, यांचा हिशेब वेगळा असतो. तिथं एका ठोक्याचं शिखर मोजतात, आणि मॉडेल नियमांत १४० डीबीच्या पुढचा एकही ठोका चालत नाही. मीटरवर हे `LCpeak` अशा नावाखाली येतं. हे १४० आणि वरच्या तक्त्यातलं ११५ एका रकान्यात कधीही लिहू नका. १४० हे डीबीए नाहीत, आणि दोन्ही शेजारी दिसले की ११५ ची मर्यादा सैल वाटायला लागते.

तक्ता पाटीवर लावायचा की नाही

माझं मत स्पष्ट आहे: लावू नये. तो सुपरवायझरच्या फाइलीत राहू द्या. कारण सांगतो.

पाटीवर ‘९५ डीबीए – ४ तास’ अशी ओळ असते. अशी पाटी लावल्यावर शॉपवर जाऊन कुणा जुन्या ऑपरेटरला विचारा, ‘मामा, या ओळीचा अर्थ काय?’ उत्तर बऱ्याचदा असं येतं: ‘चार तास प्लग घालायचा. मग काढला तरी चालतंय.’ वाचणाऱ्याची यात काही चूक नाही. पाटीवर कानातल्या प्लगचं चित्र आहे, शेजारी तास आहेत, तर तास प्लगचेच असणार. प्रत्यक्षात तक्ता म्हणतोय की इतक्या आवाजात उघड्या कानानं चार तास म्हणजे दिवसाचा सगळा कोटा संपला. अर्थ बरोबर उलटा झाला.

‘उघड्या कानानं जास्तीत जास्त’ असं रकान्याच्या डोक्यावर लिहिलं तर अर्थ सरळ होतो, पण दुसरं संकट येतं. आता पाटी म्हणतेय की चार तास उघड्या कानानं थांबायला हरकत नाही. आणि त्या माणसानं त्याआधी दुसऱ्या लाइनवर १०० डीबीएत दोन तास काढले असतील, तर कोटा आधीच संपलेला असतो. हा हिशेब उभ्या उभ्या कुणी करणार नाही. तो सुपरवायझरनं पाळी लावतानाच करायचाय.

म्हणून एका मूळ कागदाचे मी तीन मराठी कागद करतो. मोजणाऱ्याला फॉर्म, सुपरवायझरला तक्ता आणि डोसचा हिशेब, आणि कामगाराला पाटी. पाटीवर एकच आज्ञा: ‘पिवळ्या रेषेच्या आत कानात प्लग घालाच. आत असेपर्यंत काढू नका.’ आकडा हवाच असेल तर मोजलेली पातळी आणि मोजल्याची तारीख खाली बारीक अक्षरात.

‘घालाच’ मी मुद्दाम लिहितो. सरकारी मराठीत ‘प्लग घालावेत’ हे वाक्य बंधन म्हणूनही येतं आणि सल्ला म्हणूनही. मूळ कागदात ‘करायलाच हवं’ आणि ‘केलेलं बरं’ यांत काटेकोर फरक असतो, आणि मराठीत दोन्हीचं ‘करावे’ झालं की कंपनीचा वकील आणि कामगार आपापल्या सोयीचा अर्थ काढतात. माझी पद्धत साधी आहे: बंधन असेल तिथं ‘बंधनकारक आहे’ किंवा आज्ञार्थ, सल्ला असेल तिथं ‘शक्य असेल तर’. ‘करावे’ कुठंच नाही. तसंच ‘९० च्या वर’ असं लिहू नका. ९० धरून की सोडून, हे कळत नाही. ‘९० किंवा त्याहून जास्त’ असं पूर्ण लिहा.

जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ नुसार सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायच्या असत. जालन्याच्या काही मिलमध्ये भट्टीवरची निम्मी माणसं बिहार, उत्तर प्रदेशची असतात. तिथं मराठी पाटीच्या शेजारी हिंदी पाटी लागेल, हे काम हातात घेतानाच बोलून घ्या.

प्लगच्या पाकिटावरचा आकडा

पाकिटावर `NRR 29` किंवा `SNR 32` असं छापलेलं असतं. पहिला अमेरिकी पद्धतीचा आकडा, दुसरा युरोपीय. दोन्ही डेसिबलमध्ये असतात. ‘आवाज २९ टक्क्यांनी कमी होतो’ हे भाषांतर मला इतक्या ठिकाणी दिसतं की कुठून तरी एकच मजकूर फिरतोय अशी शंका येते.

डेसिबल लिहिलं तरी वजाबाकी सरळ नाही. `NRR` चा आकडा प्रयोगशाळेत, व्यवस्थित बसवलेल्या प्लगवर काढलेला असतो, आणि तो डीबीए पट्टीवर थेट वापरायचा नसतो. अमेरिकेत रुळलेल्या रीतीनुसार त्यातून आधी ७ वजा करतात आणि शॉपवरच्या वास्तवासाठी उरलेल्याचं निम्मं धरतात. २९ मधून ७ गेले, २२. त्याचं निम्मं ११. आपल्या ग्राइंडरवाल्याचे ९० होते, ते ७९ झाले. पाकीट वाचणाऱ्यानं ९० मधून सरळ २९ वजा करून ६१ लिहिले असते, आणि कागदावर तरी तो माणूस एखाद्या ऑफिसात बसल्यासारखा दिसला असता.

आकडा जितका मोठा तितका प्लग चांगला, असंही मराठीत लिहू नका. गरजेपेक्षा जास्त अडवणारा प्लग घातला तर क्रेनचा भोंगा आणि मागून येणारी फोर्कलिफ्ट ऐकू येत नाही, आणि मग माणूस तो काढूनच टाकतो. कानात पोचणारा आवाज ७० डीबीएच्या खाली गेला तर जास्तीचं झालं समजायचं.

वापराच्या वेळेबद्दल एक वाक्य मूळ कागदात असो वा नसो, सेफ्टी ऑफिसरला विचारून सुपरवायझरच्या कागदात घालायला लावा. प्रत्यक्षात ३० डीबी अडवणारा प्लग आठ तासांतले फक्त अर्धा तास काढून ठेवला, तर ३ डीबी हिशेबानं दिवसभराचं संरक्षण १२ डीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. मोबाईलवर बोलायला, तंबाखू मळताना गप्पा मारायला काढलेला प्लग एवढं खातो.

बसवण्याची कृती

फोमचा प्लग बसवण्याच्या सूचनेत ‘रोल करून कानात घाला’ एवढंच असतं. ‘रोल करा’ लिहिलं तर लोक दोन बोटांनी दाबतात आणि बूच लावल्यासारखा अर्धा बाहेर ठेवतात. आपल्याकडे यासाठी घराघरात ठाऊक असलेली कृती आहे: देवाजवळची वात वळतात तसा प्लग बोटांत वळून बारीक करायचा. मराठवाड्यात ही ओळ वाचून कुणाला हात थांबवून विचारावं लागत नाही.

पुढचा क्रम असा लिहा. आधी हात धुवा किंवा पुसा, कारण कटिंग ऑइलचा हात कानात जाऊ नये. प्लग बारीक वळा, सुरकुती राहू देऊ नका. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, त्यानं कानाची वाट सरळ होते. प्लग लगेच आत सरकवा. बोटानं धरून मनात तीस मोजा, तोवर तो फुगून बसतो. ‘डोक्यावरून’ हा शब्द मूळ इंग्रजी सूचनेत बरेचदा नसतो, तिथं ‘विरुद्ध हातानं’ एवढंच असतं. ते वाचून माणूस हनुवटीखालून हात नेतो आणि कान खाली ओढला जातो.

नीट बसलाय का हे पाहायचं तर चालू यंत्राजवळ दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. आवाजात फारसा फरक जाणवला नाही तर प्लग बसला. तळहात ठेवल्यावर आवाज एकदम कमी झाला तर काढून पुन्हा वळा.

इअरमफच्या सूचनेत ‘कानाभोवती पूर्ण टेकलं पाहिजे’ असं असतं. इथं काय काय आड येतं ते स्पष्ट लिहा: चष्म्याची काडी, टोपीची कड, कानावर आलेले केस, मोठी कानातली, आणि उन्हाळ्यात डोक्याला गुंडाळलेला गमछा. गमछ्यावरून चढवलेला मफ शोभेपुरता असतो. गादी कडक झाली किंवा चिरली की मफ बदलायचा, हेही त्याच ओळीत.

जिनिंगमध्ये हाताशी कापूस असतो, आणि कानात कापसाचा बोळा घालण्याची सवय जुनी आहे. साध्या कापसानं यंत्राचा आवाज पुरेसा अडत नाही. मूळ कागद परदेशी असेल तर त्यात याबद्दल चकार शब्द नसणार. भाषांतरकारानं मजकूर वाढवू नये हे खरं, पण इथं सेफ्टी ऑफिसरकडून लेखी परवानगी घेऊन ‘कापसाचा बोळा चालणार नाही’ ही ओळ घालायला हवी, असं मला वाटतं.

तपासणीची नोटीस

मॉडेल नियमांनुसार मर्यादेपेक्षा जास्त आवाजात काम करणाऱ्याची कामाला लागल्यापासून १४ दिवसांत सर्टिफायिंग सर्जनकडून तपासणी होते आणि पुढे दर १२ महिन्यांत निदान एकदा. याचं मराठी ‘कानाची तपासणी’ असं केलं की लोकांना वाटतं डॉक्टर बॅटरी लावून मळ बघणार. ‘ऐकण्याची चाचणी’ लिहा आणि पुढं एक वाक्य: हेडफोनमधून बारीक सूर ऐकवतात, सूर ऐकू आला की बटण दाबायचं.

अनेक कंपन्यांच्या सूचनेत चाचणीआधी १४ तास मोठ्या आवाजापासून दूर राहायला सांगतात. कारण पाळी संपल्यावर कान काही वेळ बधिर असतात आणि त्या अवस्थेत चाचणी घेतली तर नुकसान आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. मराठीत हे वाक्य ‘कामापासून दूर’ असं होऊ देऊ नका. आदल्या रात्री मिरवणुकीतल्या डीजेसमोर नाचून आलेला माणूसही चाचणीला चालत नाही.

निकालाच्या पत्रात ‘४००० हर्ट्झला घट’ असं येतं. आवाजामुळे होणारं नुकसान आधी साधारण याच पट्टीत दिसतं, आणि तेव्हा माणसाला स्वतःला आपण बहिरे झालोय असं मुळीच वाटत नसतं. समोरच्याचा आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. स, श, फ यांसारखी अक्षरं निसटतात. पत्रात ‘श्रवणक्षमतेत उच्च वारंवारतेवर ऱ्हास’ लिहिण्यापेक्षा हे लक्षण लिहा, आणि त्याखाली प्लगनं पुढचं नुकसान थांबतं, गेलेलं परत येत नाही, हेही.

आणि ‘बहिरेपणा’ हा शब्द पत्रात वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा. आवाजामुळे आलेली श्रवणहानी कायद्यानं कळवण्याजोग्या आजारांत आहे, म्हणजे असं निदान झालं की ते कारखाना निरीक्षकांपर्यंत जातं. पहिल्या पातळीची घट आणि निदान झालेला आजार यांना पत्रात एकच शब्द पडला, तर ठेकेदाराच्या माणसाला दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवतात, आणि पुढच्या वर्षी चाचणीच्या दिवशी निम्मी पाळी रजेवर असते. पत्रात तीन खाने ठेवा: ऐकणं नेहमीसारखं; घट दिसते, पुन्हा चाचणी अमुक तारखेला; निदान झालं, डॉक्टरांची सही. तिसऱ्या खान्यावर सही नसेल तर ‘बहिरेपणा’ हा शब्द पत्रात येत नाही.